साठ अंश कुठून मोजायचे? क्रेनच्या लोड चार्टच्या मराठी भाषांतराचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

सांगली जिल्ह्यात, मिरज तालुक्यातल्या एका ओढ्यावर जुनी नळ्यांची मोरी काढून तिथे तयार काँक्रीटच्या पेट्या बसवायच्या होत्या. रस्ता रुंद होत होता. बारा मीटर रुंदीला दीड मीटर लांबीच्या आठ पेट्या लागणार होत्या. पेटी आतून दोन मीटर बाय दोन मीटर, भिंती पंचवीस सेंटिमीटर जाडीच्या. कोपऱ्यातल्या तिरप्या भरावासकट हिशेब केला की एका पेटीत जवळपास ३.४४ घनमीटर काँक्रीट येतं, म्हणजे वजन साधारण ८.६ टन.

काम मोठं नव्हतं. भाड्याची पन्नास टनी टेलिस्कोपिक क्रेन, दोन दिवस. क्रेनचा ऑपरेटर, ज्याला साइटवर सगळे उस्ताद म्हणतात, उत्तर भारतातला, हिंदी बोलणारा. क्रेनला भार बांधणाऱ्या खलाशांची टोळी मात्र इथलीच. पाच जण, त्यांचा मुकादम पन्नाशीचा, सगळे त्याला आण्णा म्हणत. साइटवरचा इंजिनियर दोन वर्षांपूर्वी पास झालेला मुलगा.

मी पूर्वी दहा वर्षं साइटवर लिफ्टिंगचं नियोजन केलं आहे. आता सांगलीत बसून तांत्रिक भाषांतरं करतो. ठेकेदाराकडे सुरक्षा-तपासणीत शेरा पडला होता, की क्रेनचा लोड चार्ट, म्हणजे किती अंतरावर किती वजन उचलता येतं त्याचा तक्ता, आणि रिगिंगच्या, म्हणजे भार बांधण्याच्या, सूचना इंग्रजीत आहेत, त्या कामगारांना समजणाऱ्या भाषेत नाहीत. म्हणून काम माझ्याकडे आलं. क्रेनचं माहितीपत्रक, भाडेकंपनीचं रिगिंगचं पोस्टर आणि भार हुकाला टांगायच्या साखळीचं, म्हणजे साखळी-स्लिंगचं, प्रमाणपत्र असे तीन कागद मिळाले. चार दिवसांत मी अकरा पानांचं मराठी भाषांतर करून दिलं. ऑफिसला ते आवडलं, तपासणीचा शेरा मिटला. मलाही ते आवडलं होतं, हे आधीच कबूल करतो.

अडचण

उसाचा हंगाम सुरू झाला होता. रस्त्यावरून कारखान्याकडे जाणाऱ्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग कधी तुटत नव्हती, त्यामुळे रस्त्याची एक बाजू वाहतुकीला खुली ठेवायची असं ठरलं होतं. पहिल्या सकाळी मी सहज म्हणून साइटवर गेलो. माझं काम संपलं होतं, पण भाषांतर वापरताना बघायला मिळतं असे प्रसंग थोडे.

पहिली पेटी ट्रेलरवर होती. चार पायांची साखळी चार कड्यांत अडकवली होती आणि उस्तादने साखळी जरा ताणून घेतली होती. पेटी अजून उचललेली नव्हती. इंजिनियर मुलाने मोबाइल साखळीला लावून कोन मोजला, माझ्या भाषांतराचं नववं पान काढलं, बोटाने ओळ शोधली आणि म्हणाला, "बेचाळीस अंश. शून्य ते पंचेचाळीसच्या रकान्यात येतंय. अकरा पॉइंट दोन टन. चालतंय."

आण्णा माझ्याशेजारी उभे होते. त्यांच्या हातात तेच भाषांतर होतं, पण सातवं पान. ते म्हणाले, "साहेब, एक इचारू? हितं सातव्या पानावर लिवलंय, कोन साठाच्या खाली जाऊ देऊ नका. आन् नवव्या पानावर लिवलंय, साठापर्यंत चालंल. एकीकडं म्हणता वर ऱ्हावा, एकीकडं म्हणता आत ऱ्हावा. मग बरोब्बर साठावरच धरायचं व्हय?"

टोळीतली पोरं हसली. मला हसू आलं नाही, कारण प्रश्न शंभर टक्के बरोबर होता.

सातवं पान भाडेकंपनीच्या पोस्टरवरून आलं होतं. त्या पोस्टरवर कोन आडव्या रेषेपासून मोजलेला होता. स्लिंग जितकी उभी, तितका कोन मोठा आणि तितकं चांगलं, म्हणून "साठाच्या खाली नको". नववं पान साखळीच्या प्रमाणपत्रावरून आलं होतं. तिथे कोन उभ्या रेषेपासून मोजलेला होता. स्लिंग जितकी फाकते, तितका कोन मोठा आणि तितकं वाईट, म्हणून "साठाच्या पुढे नको". दोन्ही पद्धती जगभर चालतात. दोन्ही मूळ कागदांवर चित्र होतं, त्यामुळे तिथे गोंधळ नव्हता. मी चित्रं गाळून मजकूर घेतला आणि दोन्ही ठिकाणी एकच शब्द लिहिला, "स्लिंगचा कोन". शब्दाला शब्द बरोबर होता. दोन कागद वेगवेगळे वाचले तर दोन्ही बरोबर, आणि एका पिनेत अडकवले की घातक.

आता त्या सकाळचा हिशेब बघा. पेटीवरच्या कड्या लांबीच्या दिशेने एक मीटर आणि रुंदीच्या दिशेने दोन मीटर अंतरावर होत्या. समोरासमोरच्या कोपऱ्यांतलं तिरकं अंतर म्हणजे २.२४ मीटर. साखळीचा प्रत्येक पाय खरं तर तीन मीटरचा, पण तो शॉर्टनिंग हुकात अडकवून दीड मीटर केला होता. आण्णांच्या टोळीची ती सवयच होती. साखळी आखूड असली की भार कमी झुलतो, आणि खड्ड्यात पेटी उतरवताना झुलणं कोणाला नको असतं. कारण खोटं नव्हतं.

दीड मीटरच्या पायाला आडव्यापासूनचा कोन येतो सुमारे ४२ अंश. मुलाने बरोबर मोजला होता. पण प्रमाणपत्रातला कोन उभ्या रेषेपासूनचा, आणि तो त्याच साखळीचा ४८ अंश. रकाना "४५ ते ६०" चा. साखळी तेरा मिलिमीटरची, ग्रेड ८० ची. तिच्या चार पायांच्या सेटची क्षमता ४५ अंशांपर्यंत ११.२ टन असते आणि त्यापुढे ६० अंशांपर्यंत ८ टन. पेटी ८.६ टन. म्हणजे मुलाच्या बोटाखाली जो रकाना होता त्यात अडीच टन शिल्लक दिसत होते आणि प्रत्यक्षात साखळीवर सहाशे किलो जास्त येणार होते.

त्यातही हे आकडे चारपैकी तीन पाय भार घेतात असं धरून काढलेले असतात. काँक्रीटची पेटी वाकत नाही. एखादा पाय बोटभर लांब राहिला की समोरासमोरचे दोनच पाय ताणतात आणि बाकीचे दोन नुसते लोंबतात. दोन पायांवर ८.६ टन, कोन ४८ अंश, म्हणजे एका पायावर जवळपास साडेसहा टन. एका पायाची क्षमता ५.३ टन.

मी काम थांबवायला सांगितलं. खरं म्हणजे आण्णांच्या प्रश्नानेच ते थांबलं होतं.

थांबल्यावर जे दिसलं

क्रेन थांबली म्हणून मी तिच्याभोवती एक चक्कर मारली. वाहतुकीच्या बाजूचे दोन्ही आऊटरिगर, म्हणजे क्रेनला आधार देणारे बाजूचे टेकू, अर्ध्यावरच होते. त्यांचे पाय व्यवस्थित टेकलेले, खाली लोखंडी प्लेटा, चाकं जमिनीवरून उचललेली. फक्त आडवे हात अर्धेच बाहेर काढले होते, कारण पूर्ण काढले असते तर ते ट्रॉल्यांच्या वाटेत आले असते.

माझ्या भाषांतरात चार्टच्या डोक्यावर लिहिलं होतं, "जॅक पूर्ण टाकलेल्या स्थितीत." इंग्रजीत तिथे आऊटरिगर पूर्ण बाहेर पसरवलेले असा अर्थ होता. पण साइटवर "जॅक टाकणे" म्हणजे पाय खाली सोडून गाडी उचलणे. हात बाहेर काढणे ही टोळीच्या दृष्टीने वेगळी कृती, आणि माझ्या वाक्यात ती नव्हतीच. त्यांनी माझं वाक्य पाळलं होतं. जॅक पूर्ण टाकले होते.

या फरकाची किंमत चार्टमध्ये आकड्यात दिसते. बूम, म्हणजे क्रेनची लांबणारी भुजा, अठरा मीटर. रेडियस, म्हणजे क्रेनच्या मध्यापासून हुकापर्यंतचं आडवं अंतर, नऊ मीटर. हात पूर्ण बाहेर असताना या क्रेनच्या चार्टला १३.५ टन होते. अर्धे असताना ७.८. आणि हुकावर पेटीपुरतंच वजन नसतं. चार्टमधल्या आकड्यातून हूक ब्लॉकचे पाचशे किलो, साखळी-शॅकलचे शंभर किलो आणि या क्रेनच्या बूमला दुमडून बांधलेल्या जादा भुजेचे, म्हणजे जिबचे, चारशे किलो वजा करावे लागतात. उलट बाजूने सांगायचं तर क्रेन ८.६ नव्हे, ९.६ टन उचलणार होती. पूर्ण पसरलेल्या क्रेनला ते एकाहत्तर टक्के. अर्ध्या पसरलेल्या क्रेनला ते १.८ टन जास्त.

"केबिनमधला लोड इंडिकेटर ओरडला असता की," असं नंतर ऑफिसात कोणीतरी म्हणालं. नसता ओरडला. या यंत्रात आऊटरिगरची स्थिती उस्तादने हाताने निवडायची असते, आणि त्याने "पूर्ण" निवडली होती, कारण त्याला तसंच सांगितलं होतं. पडद्याला जे सांगाल त्यावर तो हिशेब करतो. साखळीच्या कोनाबद्दल तर त्याला काहीच कळत नाही. हुकाच्या खाली काय चाललं आहे हे बघणारा तिथे एकच असतो, खलाशी.

चार्टच्या आकड्यांत सुरक्षेची जागा धरलेली असते, म्हणून पहिली पेटी कदाचित गेलीही असती. मला ती शक्यता जास्त भीतीदायक वाटते. आठही पेट्या तशाच गेल्या असत्या आणि पुढच्या कामावर हीच अकरा पानं "सिद्ध झालेली" म्हणून गेली असती.

समोरचे पर्याय

क्रेनचा प्रश्न आधी सोडवायचा होता. तिला ओढ्याच्या आणखी जवळ नेऊन रेडियस कमी करावा, म्हणजे अर्धे हात चालतील, असं मुलाने सुचवलं. खड्डा तीन मीटर खोल आणि माती काळी, पावसाळ्यातली ओल अजून पोटात धरून असलेली. जॅकचा पाय खड्ड्याच्या काठापासून खोलीइतका तरी लांब हवाच, अशा मातीत त्याहून जास्त. जवळ जाणं शक्य नव्हतं. मग रस्ता बंद करणं एवढंच उरलं. कारखान्याच्या शेतकी विभागाशी आणि पोलिसांशी बोलून दुपारी दोन-दोन तासांची बंदी मिळाली. त्या दिवशीची सकाळ गेली, दोन दिवसांचं काम तीन दिवसांवर गेलं.

भाषांतराचं काय करायचं, हा माझा प्रश्न.

पहिला पर्याय, अकरा पानांतल्या चुका दुरुस्त करून पुन्हा छापायच्या. ऑफिसला हाच हवा होता, कारण फाइलमध्ये "संपूर्ण मराठी भाषांतर" असणं गरजेचं होतं. पण चूक एकदोन शब्दांत नव्हती. तीन वेगळ्या कागदांना मी एक आवाज दिला होता, आणि पुढे अशीच दुसरी जोडी कुठे लपली असेल हे मला सांगता येत नव्हतं.

दुसरा पर्याय, इंग्रजी कागद तसेच ठेवून तोंडी शिकवायचं. हा वाटतो तितका वाईट नाही. चांगले मुकादम असेच तयार झाले आहेत. पण तोंडी सांगितलेलं दुपारनंतर बदलतं, आणि आण्णांनी ती विसंगती पकडली ती कागद हातात होता म्हणूनच.

तिसरा पर्याय, चार्टचं भाषांतर करायचंच नाही. मूळ चार्ट केबिनमध्ये राहील, आकडे तिथूनच वाचायचे. मराठीत फक्त एक पान द्यायचं, याच क्रेनचं, याच जागेचं, याच पेटीचं. आम्ही हा निवडला.

निवडण्यामागे आकड्यांचाही एक प्रश्न होता, जो एरवी कोणाच्या लक्षात येत नाही. माझ्या अकरा पानांत आकडे देवनागरी होते. इंडिकेटरच्या पडद्यावर, चार्टवर आणि साखळीच्या बिल्ल्यावर ते इंग्रजी. आता देवनागरी "१" आणि इंग्रजी "9" शेजारी ठेवून बघा. टोळीतला सर्वांत लहान पोरगा नऊ मीटरचा रेडियस पडद्यावर बघून "एक मीटर?" म्हणाला होता, आणि मी ते चेष्टेत घेतलं होतं. मराठी लेखात मी देवनागरी आकडेच लिहीन, इथेही लिहितोय. पण जो आकडा यंत्रावरच्या आकड्याशी ताडून बघायचा आहे, तो यंत्राच्याच लिपीत हवा. चार्ट पुन्हा टाइप करण्यात दुसराही धोका आहे. शेकडो आकड्यांत एक चुकला तर तो कोणाला सापडणार?

एक पान कसं झालं

त्या दुपारी मी, आण्णा, इंजिनियर आणि उस्ताद ट्रेलरच्या सावलीत बसलो. मी शब्द सुचवायचे नाहीत, फक्त विचारायचं, असं ठरवलं. यंत्राच्या भागाकडे बोट दाखवायचं आणि विचारायचं, याला काय म्हणता?

"त्रिज्या" हा माझा शब्द पहिल्याच मिनिटात गेला. सगळे "रेडियस" म्हणत होते. पण रेडियस म्हणजे काय विचारल्यावर एकाने बूमची लांबी दाखवली, दुसऱ्याने क्रेनच्या मागच्या कडेपासूनचं अंतर. म्हणून शब्द त्यांचा ठेवला आणि व्याख्या बदलली: क्रेन ज्या मध्यावर फिरते तिथपासून हुकाच्या बरोबर खालच्या जमिनीपर्यंतचं आडवं अंतर. मग ती वाचायचीही गरज पडू नये म्हणून आम्ही टेप धरून जमिनीवर फक्कीने नऊ मीटरचा कमानीसारखा पट्टा मारला. हूक पट्ट्याच्या आत. भार आल्यावर बूम जरा वाकतो आणि हूक बाहेर सरकतो, त्यामुळे पेटीची शेवटची जागा साडेआठवर येईल अशी क्रेन लावली.

आऊटरिगरसाठी दोन शब्द झाले. आडवा तो "हात", उभा तो "पाय". हात ओढायचा, पाय टेकवायचा. हे शब्द आण्णांचे. माझ्या शब्दकोशात ते नव्हते आणि त्यांच्याहून चांगले मला सुचलेही नसते.

कोनाचं काय करायचं यावर सगळ्यात जास्त वेळ गेला. मी आधी "उभ्या रेषेपासूनचा कोन" असं लिहायला निघालो होतो. आण्णा म्हणाले, "उभी रेषा कुठं हाय हितं? दाखवा की." खरंच, हवेत रेषा नसते. मग मी अंश सोडून दिले आणि भूमिती वापरली. साखळीचा पाय आणि समोरासमोरच्या कड्यांतलं अंतर सारखं असेल, तर तिन्ही बाजू समान असा त्रिकोण होतो. म्हणजे आडव्यापासून साठ अंश, उभ्यापासून तीस. दोन्ही कागदांच्या मर्यादेत. साखळी त्याहून लांब असेल तर आणखी चांगलं. मग नियम असा झाला: साखळी अडकवण्याआधी एक पाय पेटीवर आडवा टाका. एका कडीपासून तिरक्या समोरच्या कडीपर्यंत पोचला तर चालेल. नाही पोचला तर आखूड आहे.

दीड मीटरचा पाय २.२४ मीटरवर पोचत नाही, हे आण्णांनी तिथेच टाकून बघितलं. शॉर्टनिंग हूक सोडून पूर्ण तीन मीटर केल्यावर साखळी उभ्यापासून साधारण बावीस अंशांवर आली. दोनच पायांनी भार घेतला तरी एकावर ४.६ टन, ५.३ च्या आत. झुलण्याचा प्रश्न पेटीला दोन बाजूंनी दोऱ्या बांधून सोडवला.

मनाईच्या वाक्यांची रचनाही बदलली. मराठीत नकार शेवटी येतो. "पेटी हवेत असताना तिच्याखाली हात घालून लाकडाचे ठोकळे सरकवू नयेत." कागदावर ओळ मोडली आणि "नयेत" खालच्या ओळीवर गेलं, तर घाईत वाचणाऱ्याला उरतं ते काम करायची सूचना. इंग्रजीत "करू नका" हे वाक्याच्या सुरुवातीलाच येतं, म्हणून मूळ कागदावर ही अडचणच नव्हती. आम्ही प्रत्येक मनाईच्या आधी "थांबा" लिहिलं आणि अट नंतर. शेवटी पानावर मोठ्या अक्षरांत एवढंच राहिलं:

थांबा – जॅकचा एक जरी हात अर्धा असेल तर.
थांबा – हूक फक्कीच्या पट्ट्याबाहेर जात असेल तर.
थांबा – साखळीचा पाय समोरच्या कडीपर्यंत पोचत नसेल तर.
थांबा – पडद्यावर 9.8 पेक्षा मोठा आकडा दिसला तर.
थांबा – पेटीखाली माणूस किंवा हात असेल तर.

9.8 हा आकडा आमचा. हिशेबातले ९.६ आणि थोडी सूट. त्याहून जास्त दिसलं तर पेटी आम्ही समजतो त्यापेक्षा जड आहे किंवा काहीतरी अडकलं आहे. या पडद्यावर हूक, साखळी आणि जिबसकट वजन दिसत होतं. काही यंत्रं हूक वजा करून दाखवतात, म्हणून रिकामा हूक उचलून आधी खात्री केली.

पान झाल्यावर आण्णांनी ते वाचलं नाही. त्यांच्या टोळीतल्या सर्वांत लहान पोराला दिलं आणि म्हणाले, "तू सांग, काय करायचं ते." तो बोलत गेला, आम्ही ऐकत गेलो. तो अडखळला तिथे वाक्य बदललं.

पहिल्या दिवसाची दुसरी पेटी

एवढं करूनही एक गोष्ट राहिलीच, आणि ती माझ्या व्याकरणशुद्धीमुळे.

खलाशांची जुनी भाषा आहे. "हाबेस" म्हणजे वर घे, "आर्या" म्हणजे खाली सोड. "आर्या" पोर्तुगीजांच्या जहाजांवरून आलेला, बंदरातून क्रेनवर आणि तिथून घाटावर. माझ्या अकरा पानांत मी हे शब्द बोलीतले म्हणून काढून टाकले होते आणि "वर" व "खाली" लिहिले होते. टोळीतल्या पोरांनी ते वाचले होते.

दुसरी पेटी खड्ड्यात टेकली. खाली उभ्या असलेल्या पोराला साखळी अजून ढिली हवी होती. दोन हूक सुटले होते, दोन अडकलेले. तो ओरडला, "हूक खाली!"

हिंदीत खाली म्हणजे रिकामा. उस्तादने ऐकलं, हूक रिकामा झाला. त्याने वर घ्यायला सुरुवात केली. साखळी ताणली, पेटीचं एक टोक बोटभर उचललं गेलं, आणि आण्णांनी दोन्ही हात वर करून थांबण्याची खूण केली. उस्ताद त्यांच्याकडेच बघत होता म्हणून थांबला.

त्याच दुपारी पानावर सहावी ओळ आली: "बोलायचं एकानेच. हाबेस, आर्या, थांबा. 'खाली' शब्द बंद." उस्तादला "आर्या" माहीत होतं. देशाच्या कुठल्याही कोपऱ्यातल्या साइटवर चालतं, असं तो म्हणाला.

काय झालं

आठही पेट्या बसल्या. पडद्यावर सर्वांत मोठा आकडा 9.7 दिसला, एका पेटीच्या वेळी, तिच्या तळाला ओली माती चिकटलेली होती. साखळी एकदाही आखूड केली गेली नाही. एक दिवस वाढला, त्याचे क्रेनचे पैसे ठेकेदाराने कुरकुरत दिले.

वेगळं काय करता आलं असतं

सर्वांत मोठी चूक मी टेबलावर केली, साइटवर नाही. चित्रं गाळली. लोड चार्टवरचं आणि स्लिंगच्या बिल्ल्यावरचं चित्र मजकुराची सजावट नसतं, ते एककासारखं असतं. "६० अंश" हा आकडा चित्राशिवाय "६०" इतकाच अपुरा आहे. आता मी अशा कागदावर आधी प्रत्येक आकड्याशेजारी लिहितो, कुठून मोजलाय. ज्याचं उत्तर मूळ कागदात सापडत नाही, तो आकडा भाषांतरात जात नाही आणि मी उत्पादकाला विचारतो.

दुसरं, मी वेगवेगळ्या मालकांचे तीन कागद एका पिनेत दिले. वेगळे ठेवले असते तर निदान वाचणाऱ्याला कळलं असतं की हे दोघे वेगळी माणसं आहेत.

आण्णांच्या सवयीवर, साखळी आखूड करण्यावर, मी आधी चिडलो होतो. ती चुकीची चिड होती. झुलणारी पेटी खड्ड्यातल्या माणसाला चिरडू शकते, आणि माझ्या अकरा पानांत झुलण्याबद्दल एकही ओळ नव्हती, कारण मूळ पोस्टरवर नव्हती. त्यांच्या समोरचा खरा धोका मी भाषांतरात आणलाच नाही, आणि त्यांनी स्वतःचा उपाय वापरला.

इंजिनियर मुलाला मी दोष देत नाही. त्याने मोजलं. बहुतेक साइटवर कोणी मोजतही नाही.

एका गोष्टीवर मात्र माझं आणि ऑफिसचं शेवटपर्यंत जमलं नाही. जुनी अकरा पानं फाइलमधून काढा, असं मी लिहून दिलं. त्यांनी वर "मूळ इंग्रजी प्रत प्रमाण" असा शिक्का मारला आणि ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी उस्तादच्या केबिनमध्ये चहा द्यायला चढलो तर सीटच्या मागे तीच पानं खोचलेली होती, नववं पान वर. मी ती काढून आणली. फाइलमधली प्रत अजून तिथेच आहे.

आणि नव्या पानाचा फोटो काढून मुलाने टोळीच्या ग्रुपवर टाकला होता. तो पुढे कुठे कुठे गेला मला माहीत नाही. त्यात 9.8 हा आकडा आहे, नऊ मीटरचा पट्टा आहे, आणि ही कुठली क्रेन, कुठली पेटी, किती बूम, हे काहीच नाही. तेव्हा सुचलं नाही. आता पानाच्या डोक्यावर, सगळ्यात मोठ्या अक्षरांत, क्रेनचा नंबर, भार आणि तारीख असते, आणि खाली ओळ: हे पान दुसऱ्या कामाला घेत असाल तर थांबा.